वॉक-इनला जाताना फाइल, बूट आणि व्हर्निअर

प्रश्न : ताई, मी आयटीआय फिटर आहे. चाकणला दोन कंपन्यांत वॉक-इनला गेलो. दोन्हीकडे पाच मिनिटांत ‘कळवतो’ म्हणाले, पुढे फोनच नाही. कपड्यांत काही चुकतंय का? आणि नक्की कोणते कागद न्यायचे?

गेल्या उन्हाळ्यात खेड तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडे आला होता. फिटरच, आणि त्याचीही हीच तक्रार. मी त्याला काही न विचारता म्हटलं, “त्या दिवशी नेलेली पिशवी तशीच घेऊन ये.”

पिशवीतून निघाली सुरळी केलेली गुणपत्रिका, आधारची एक पुसट झेरॉक्स आणि सायबर कॅफेतून काढलेला तीन पानी बायोडाटा. आयटीआयचं मूळ प्रमाणपत्र घरी कपाटात होतं. “हरवलं तर?” म्हणाला. काळजी रास्त आहे, पण तपासणीला मूळ कागद समोर लागतो. दाखवायचा आणि लगेच परत घ्यायचा. कुणी “राहू दे आमच्याकडे” म्हणालं, तर ठेवायचा नाही.

खरी अडचण मात्र कागद शेजारी-शेजारी मांडल्यावर दिसली. दहावीच्या गुणपत्रिकेवर ज्ञानेश्वर आणि आधारवर ज्ञानोबा. त्याच्या घरी दोन्ही नावं एकच. एचआरच्या टेबलावर ती दोन माणसं होतात. पीएफचा यूएएन हा कायमचा क्रमांक आधारशी जोडलेला असतो. नाव जुळलं नाही की पुढे पीएफ काढताना, बदली करताना ते अडतं आणि ते निस्तरायला एचआरच्याच माणसाला बसावं लागतं. समोर शंभर अर्ज असताना तो हा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी सरकवतो आणि तोंडाने ‘कळवतो’ म्हणतो.

आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. म्हणून त्याला आधी केंद्रावर जाऊन कोणता पुरावा चालतो ते विचारायला लावलं, मग दुरुस्ती टाकली. मिळालेली पावती फाइलीत आधारच्या मागेच लावली. टेबलावर बसल्या-बसल्या त्याने स्वतःहून सांगायचं ठरलं : “सर, आधारवर नाव वेगळं आहे, दुरुस्तीला टाकलंय, ही पावती.” त्यांनी शोधून काढण्याआधी आपण सांगितलं की तेवढंच ते लहान होतं.

फाइलीचा क्रम आम्ही असा लावला : वर एक पानी बायोडाटा, मग आयटीआय, दहावी, आधार, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान, शेवटी चार फोटो. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. आधी कुठे अप्रेंटिसशिप किंवा नोकरी केली असेल तर त्याचं प्रमाणपत्र आणि जुना यूएएनही हवा. तो लपवू नका, आधार टाकलं की दिसतोच.

आता कपडे. या पठ्ठ्याने मे महिन्यात मित्राचा ब्लेझर घातला होता आणि पायात सँडल! कारखान्यात सुपरवायझर उमेदवाराला बोलता-बोलता शॉपफ्लोअरवर नेतो. पुढून उघडी चप्पल असली की दारातच अडवतात. हातातलं कडं, गळ्यातली लोंबती साखळी, सैल बाही बघून त्याच्या डोक्यात एकच येतं, हे फिरत्या मशीनमध्ये अडकणार. साधा इस्त्रीचा शर्ट आत खोचलेला, पूर्ण पँट, बंद बूट, कापलेली नखं, एवढं पुरतं. शोरूमच्या काउंटरचा हिशेब वेगळा असतो, तो तुम्हाला नको.

तरीही दुसऱ्या कंपनीत त्याचं काम कपड्यांमुळे अडलं नव्हतं. तिथे त्याला व्हर्निअर आणि एक पिन दिली होती. त्याने थेट माप घेतलं. जबडे पुसले नाहीत, बंद करून शून्य जुळतं का तेही पाहिलं नाही. बघणारा आकड्याआधी हात बघतो. आम्ही माझ्या टेबलावरच सराव केला : मुख्य पट्टीवर 24, व्हर्निअरची 17वी रेघ जुळतेय, लघुत्तम माप 0.02, म्हणजे 17 गुणिले 0.02 बरोबर 0.34, माप 24.34 मिमी. तो पुटपुटत होता. मी म्हटलं, मोठ्याने बोल, चुकलास तरी कुठे चुकलास ते त्यांना कळू दे.

तिसऱ्या वेळी नऊची वेळ होती, तो साडेआठलाच गेटवर होता. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये स्वच्छ अक्षरात नाव लिहून आत गेला. कंत्राटदारामार्फत घेतलं त्याला. मी विचारलं, पगार कोणाच्या नावाने येणार? ते त्याने विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारा. आणि गणवेशाचं डिपॉझिट म्हणून कुणी आधी पैसे मागितले, तर फाइल उचलून परत या.