पहिल्या तक्रारीची तारीख सोडू नका

प्रश्न : ऑनलाइन मागवलेला मिक्सर बंद निघाला. कंपनीचा माणूस २१ फेब्रुवारीला तो परत घेऊन गेला, पण ८,४९० रुपये अजून जमा झालेले नाहीत. ३ मार्चला अ‍ॅपवर तक्रार केली, ती दोन दिवसांत ‘निकाली’ दाखवली गेली. १० मार्चला तक्रार निवारण अधिकाऱ्यांना ई-मेल केला. क्रमांकासह स्वयंचलित उत्तर आले आणि पुढे काहीच नाही. आज १४ एप्रिल. आता नव्याने तक्रार करू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नव्याने तक्रार करू नका. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधील नियम ४(५) प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि तक्रार मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत तिचे निवारण करायचे असते. आपल्याला आलेले स्वयंचलित उत्तर फार तर पोच म्हणून धरता येईल. निवारण म्हणून नाही, आणि निवारणाची मुदत १० एप्रिलला संपली आहे. आपण आज नवी तक्रार नोंदवली तर नवा क्रमांक पडेल, कंपनी त्या दिवसापासून पुन्हा महिना मोजू लागेल आणि जुनी तक्रार निकाली निघाल्याचे सांगेल. हातात आलेली मुदतभंगाची बाजू अशी स्वतःहून सोडून देणारे पक्षकार मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून पाठवलेल्या मेलमधून १० मार्चचा मेल उघडा आणि त्यालाच उत्तर म्हणून पुढचा मजकूर पाठवा, म्हणजे जुना मेल तारीख-वेळेसह खाली तसाच राहील. त्याआधी तो मेल कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्याच पत्त्यावर गेला होता ना, हे ताडून पाहा. क्रमांक हाताने टाइप न करता स्क्रीनवरून जसाच्या तसा उचलून चिकटवा. शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांची अदलाबदल झाली तरी ‘नोंद सापडत नाही’ असे उत्तर येऊ शकते. विषयाच्या ओळीत ‘स्मरणपत्र : १० मार्चची तक्रार क्र. …, ऑर्डर क्र. …, ८,४९० रुपयांचा परतावा’ एवढेच असावे. मजकूर असा ठेवा :

“महोदय/महोदया, माझ्या १० मार्चच्या तक्रारीबाबत (क्र. …) हे स्मरणपत्र आहे, ही नवी तक्रार नाही. सदोष मिक्सर आपल्या प्रतिनिधीने २१ फेब्रुवारीला परत नेला, त्याची पावती (क्र. …) सोबत जोडली आहे. ३ मार्चची अ‍ॅपवरील तक्रार (क्र. …) ५ मार्चला परतावा न देताच निकाली दाखवण्यात आली, ते मला मान्य नाही. नियम ४(५) मधील एक महिन्याची मुदत संपली असून आपले उत्तर आलेले नाही. ८,४९० रुपये २२ एप्रिलपर्यंत मूळ खात्यात जमा करावेत. आधीच पाठवले असल्यास तारीख, रक्कम आणि बँकेचा व्यवहार क्रमांक कळवावा. अन्यथा मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.”

शेवटून दुसरे वाक्य मी मुद्दाम घातले आहे. अशा मेलला बहुतेक वेळा ‘परताव्याची प्रक्रिया पूर्ण झाली आहे’ असे गुळमुळीत उत्तर येते आणि ग्राहक आणखी पंधरा दिवस वाट पाहतो. व्यवहार क्रमांक मिळाला तर आपली बँक पैसे कुठे अडकले ते शोधू शकते. तो मागूनही दिला नाही, तर पैसे निघालेच नसावेत, असे म्हणायला जागा राहते. मिक्सर परत नेल्याची पावती मात्र जपा, कारण वस्तू आणि पैसे दोन्ही कंपनीकडेच असल्याचा तोच आपला मुख्य पुरावा आहे. ‘निकाली’ दाखवणाऱ्या पानाचे छायाचित्रही आजच काढून ठेवा, ते पान पुढे दिसेलच असे नाही.

२२ एप्रिलपर्यंत काही घडले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर हेच क्रमांक देऊन नोंद करा. हेल्पलाइन कंपनीशी बोलते, पण तिला आदेश देता येत नाही. आदेश मिळतो तो आयोगाकडून, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे आपण राहता तेथेच, म्हणजे साताऱ्याच्या जिल्हा आयोगाकडे, दाद मागता येते. कंपनीचे कार्यालय दुसऱ्या राज्यात असले तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीचे शुल्क नाही. कलम ६९ ची दोन वर्षांची मुदत मात्र नुसत्या स्मरणपत्रांनी वाढत नाही, तेव्हा ती २१ फेब्रुवारीपासूनच धरून चाला.