इंजेक्शन दिल्यावर पोरगा उठून बसला, मग ठेवून कशाला घ्यायचं?

"ताई, माझ्या भावाने गर्द जास्त घेतली होती, श्वास थांबत आला होता. हॉस्पिटलात एक इंजेक्शन दिलं आणि पाच मिनिटांत उठून बसला, बोलायला लागला, घरी चल म्हणून भांडतोय. डॉक्टर म्हणतात एवढ्यात सोडणार नाही. बरा झालाय तर नेऊ का घरी?"

नका नेऊ. डॉक्टर सोडेपर्यंत तिथेच थांबा, आणि का ते मी माझ्याकडच्या एका केसवरून सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

मुलगा सव्वीस वर्षांचा. आमच्या व्यसनमुक्ती सेंटरमधून दीड महिन्याने घरी गेला होता, चांगला होता. घरी आजी कॅन्सरची पेशंट, तिला दुखण्यासाठी मॉर्फीनच्या गोळ्या चालू, त्या हळूहळू सुटणाऱ्या, बारा तासांनी एक घ्यायची असते त्यातल्या. एका संध्याकाळी ह्याने आजीच्या स्ट्रिपमधल्या 30 मिलीग्रॅमच्या चार गोळ्या घेतल्या. आधी त्याला एवढ्याने काही झालं नसतं, पण दीड महिना बंद असलं की शरीराची सवय मोडलेली असते आणि मनाला मात्र जुनाच डोस आठवतो.

रात्री दहाच्या सुमारास वडलांनी कॅज्युअल्टीत आणला तेव्हा मिनिटाला पाच श्वास, ओठ निळे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. डॉक्टरांनी आधी बॅग-मास्कने श्वास दिला, मग नॅलोक्सोनच्या इंजेक्शनचा 0.4 मिलीग्रॅमचा एक अँप्युल, तीन मिनिटांनी दुसरा. आणि मग तेच जे तुम्ही पाहिलंत, पोरगा उठून बसला, उलटी केली, नाक गळायला लागलं, अंगावर काटा, आणि ज्यांनी वाचवलं त्यांनाच शिव्या.

वडलांचा मला फोन आला तेव्हा ते डामाच्या, म्हणजे डॉक्टर नको म्हणत असताना पेशंट घरी नेतोय अशा कागदावर सही करायच्या बेतात होते. "मॅडम, तो शुद्धीवर आहे, उगाच पोलीस केस नको, घेऊन जातो." मी म्हटलं काका, सही करू नका, मी निघाले, तोवर एक गोष्ट ऐका.

त्यांना फोनवर जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. आपल्या मेंदूत, श्वास चालवणाऱ्या भागातही, ओपिऑइड रिसेप्टर असतात, त्यांना लोकलमधल्या सीट समजा. मॉर्फीन किंवा गर्द सीटवर बसलं की श्वासाचा वेग खाली येतो, आणि खूप सीट भरल्या की श्वास थांबतोच. पण कोणीही सीटला चिकटून कायमचं बसत नाही, मॉर्फीनचे रेणू सारखे उठतात, बसतात, उठतात. नॅलोक्सोनची त्या सीटवरची पकड मॉर्फीनपेक्षा घट्ट, म्हणून एक मॉर्फीन उठलं रे उठलं की ती जागा नॅलोक्सोन पटकावतं आणि मॉर्फीन उभंच राहतं. आणि नॅलोक्सोन नुसतं बसून राहतं, श्वास खाली आणायचं काम करत नाही, त्यामुळे दोन-चार मिनिटांत माणूस परत श्वास घ्यायला लागतो. सगळ्या सीट एकदम रिकाम्या झाल्यासारखं होतं म्हणून टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, पण एकदम येते, शिव्या त्या टर्कीच्या असतात, भावाचा राग धरू नका.

आता खरी गोम. उभं राहिलेलं मॉर्फीन गाडीतून उतरलेलं नाहीये! ते रक्तात तसंच आहे, नॅलोक्सोन त्याला ना धुऊन काढतं ना मारतं. आणि नॅलोक्सोनला ठाण्याला उतरायचंय, मॉर्फीनला कर्जतला. लिव्हर नॅलोक्सोन भराभर मोडतं, साधारण तास-दीड तासात रक्तातलं निम्मं होतं, परिणाम तर कधी अर्ध्या-पाऊण तासातच ओसरायला लागतो. आणि ह्या पोराच्या आतड्यात चार गोळ्या अजून विरघळत होत्या, म्हणजे प्रत्येक स्टेशनला नवीन मॉर्फीन चढतच होतं. नॅलोक्सोन उतरलं की त्या सीटवर कोण बसणार?

मी पोचले तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते. बहीण शेजारी बसलेली, म्हणाली ताई शांत झालाय एकदाचा, बघा किती गाढ झोपलाय. नाकाला ऑक्सिजनची नळी, बोटाच्या क्लिपवर आकडा 97. मी त्याच्या छातीवर नजर ठेवून घड्याळात मिनिट मोजलं. सात श्वास. मधेच घोरण्यासारखा खरखर आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. हे मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगते, ऑक्सिजन लावलेला असताना तो आकडा बराच वेळ चांगला दिसू शकतो आणि श्वास मात्र कमी होत जातो, म्हणून आकडा बघू नका, श्वास मोजा. मिनिटाला दहा-बाराच्या खाली गेले, घशात खरखर सुरू झाली, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळूनही डोळे उघडत नसतील, तर ती झोप नाही.

सिस्टरांना हाक मारली. परत एक अँप्युल, परत जागा झाला. ह्यावेळी डॉक्टरांनी नॅलोक्सोनचं ड्रिप लावलं. त्याचा हिशोब सोपा आहे, माणसाला जागं करायला जेवढं लागलं त्याच्या साधारण दोन तृतीयांश दर तासाला. ह्याला आधी 0.8 लागलं होतं, म्हणजे तासाला साधारण अर्धा मिलीग्रॅम. जेवढं नॅलोक्सोन उतरतं तेवढं वरून चढवत राहायचं, मॉर्फीन संपेपर्यंत. ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं, बंद केल्यावर पण काही तास नुसतं बघत ठेवलं. काकांनी अकराला सही केली असती तर साडेअकराला पोरगा घरी झोपलेला असता, आणि घरच्यांनी लाईट बंद करून दार लावून घेतलं असतं.

तुमच्या भावाचं गर्दचं आहे, गर्द मॉर्फीनच्या ह्या गोळ्यांएवढी लांबत नाही, त्यामुळे शेवटच्या इंजेक्शननंतर दोन-चार तास नीट बघून डॉक्टर सोडतीलही. पण पुडीत काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं, त्यामुळे तो अंदाज तुम्ही बांधू नका. दारू किंवा नायट्रासारख्या झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या असतील तर ते लपवू नका, नॅलोक्सोन त्यांच्यावर चालत नाही. मेथाडोन घेतलं असेल तर आवर्जून सांगा, ते एका दिवसाहून जास्त राहू शकतं.

आणि एक, ज्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. टर्कीत तळमळणारा माणूस बाहेर पडला की पहिली पुडी शोधतो. सीटवर नॅलोक्सोन बसलेलं असतं म्हणून किक येत नाही, मग अजून घेतो. तासाभराने नॅलोक्सोन उतरतं आणि जुनी-नवी दोन्ही एकदम सीटवर बसतात. म्हणून पहिले काही तास त्याला एकटं सोडू नका, बाथरूमला पण दार लोटून घेऊ दे, कडी नको. तरी घरी नेल्यावर पेंगायला लागला तर कुशीवर वळवा, 108 ला फोन करा, इंजेक्शन किती वाजता दिलं होतं ते सांगा.

त्या मुलाच्या वडलांनी नंतर रागाने आजीच्या गोळ्याच बंद करायच्या ठरवल्या होत्या. मी म्हटलं काका, तिची काय चूक, तिला रात्रभर कण्हत ठेवणार का? आता स्ट्रिप गोदरेजच्या कपाटात, किल्ली सुनेकडे, आणि ती रोज सकाळ-संध्याकाळ एक-एक गोळी काढून कॅलेंडरवर टिक करते.