एकाच उदाहरणात दोन नियम बसतात तेव्हा

प्रश्न: "कोडिंग-डिकोडिंगमध्ये एकच शब्द सोडवून देतात. त्यावरून नियम कसा ओळखायचा? मी पहिल्या दोन-तीन अक्षरांवरून नियम काढतो, तो बरोबरही वाटतो, तरी उत्तर चुकतं. काही ट्रिक आहे का?"

ट्रिक नाही. आणि ज्यांनी तुम्हाला ट्रिक आहे म्हणून सांगितलं, त्यांच्यामुळेच तुमचे मार्क जात आहेत. A ते Z चे क्रमांक तुम्हाला पाठ आहेत असं धरून लिहिते. नसतील तर EJOTY म्हणजे ५, १०, १५, २०, २५ एवढं लक्षात ठेवा, मधली अक्षरं बोटावर मोजता येतात.

नागपुरात बर्डीवर मी रिझनिंगचा क्लास लावला होता. दर रविवारी टेस्ट व्हायची आणि सोमवारी सर ती फळ्यावर सोडवून द्यायचे. मे महिन्यात कूलर इतका घरघरायचा की मागच्या बाकांवर सरांचं अर्धंच ऐकू यायचं, म्हणून मी पुढे बसायची. एका टेस्टमध्ये असा प्रश्न होता: TIGER चा कोड UHHDS असेल, तर PLANT चा कोड काय? चारपैकी दोन पर्याय QKBMU आणि QMZOU असे होते.

सरांची पद्धत ठरलेली. पहिलं आणि शेवटचं अक्षर पाहा, पर्याय उडवा, पुढे चला. T चा U, म्हणजे प्लस वन. R चा S, प्लस वन. मग PLANT चा कोड Q ने सुरू होणार आणि U ने संपणार. पण इथे तसे दोन पर्याय होते, तेव्हा सरांनी दुसरं अक्षर पाहिलं. I चा H, मायनस वन, म्हणून L चा K. उत्तर QKBMU. फळा पुसायला हात वर गेला आणि मी उभी राहिले. मी QMZOU लिहिलं होतं आणि माझा मार्क कापला गेला होता.

माझं म्हणणं काय होतं ते नीट पाहा, कारण तुमचं उत्तर जिथे चुकतं ती जागा हीच आहे. शब्द, त्याचे क्रमांक, कोड, त्याचे क्रमांक आणि फरक एकाखाली एक लिहिले तर असं दिसतं:

```
T    I    G    E    R
२०   ९    ७    ५    १८
U    H    H    D    S
२१   ८    ८    ४    १९
+१   -१   +१   -१   +१
```

फरकांची ओळ पाहून सरांनी नियम काढला: विषम जागेवरचं अक्षर एक पुढे, सम जागेवरचं एक मागे. बरोबर आहे. पण त्याच ओळीतून दुसराही नियम तितकाच सरळ निघतो: व्यंजन एक पुढे, स्वर एक मागे. I आणि E स्वर आहेत, T, G, R व्यंजनं आहेत. TIGER मध्ये व्यंजन-स्वर-व्यंजन-स्वर-व्यंजन अशी रांग असल्यामुळे सम जागा आणि स्वर एकमेकांवर बरोबर बसतात. या उदाहरणाकडे कितीही वेळ पाहत बसा, दोन नियम वेगळे होणारच नाहीत.

PLANT वर मात्र ते लगेच वेगळे होतात. जागेच्या नियमाने P-Q, L-K, A-B, N-M, T-U, म्हणजे QKBMU. स्वराच्या नियमाने P-Q, L-M, A-Z, N-O, T-U, म्हणजे QMZOU. (A च्या मागे Z येतो, हे गृहीत.) पहिलं आणि शेवटचं अक्षर दोन्हीकडे सारखं आहे, भांडण सगळं मधल्या तीन अक्षरांत आहे. ज्याने पेपर काढला त्याला हे ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. पोरं टोकाची अक्षरं पाहून पर्याय उडवतात हे पेपर काढणाऱ्यांना चांगलं कळतं, म्हणून ते टोकं सारखी ठेवतात.

सर म्हणाले, "तू काहून फाटे फोडते? बाकीचे पोट्टे गडबडून जातात ना. परीक्षेत असं नाही येत." वर्ग हसला आणि विषय तिथे संपला. त्यांच्या दृष्टीने संपला. मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते की फाटा मी फोडला नव्हता, तो प्रश्नातच होता. मुलांनी गडबडायचं असेल तर ते वर्गातच गडबडलेले बरे.

प्रश्न नीट काढायचा तर TIGER ऐवजी TRAIN द्यायचा होता. TRAIN मध्ये R हे व्यंजन दुसऱ्या जागेवर आहे आणि A हा स्वर तिसऱ्या. जागेचा नियम असेल तर कोड UQBHO येतो, स्वराचा असेल तर USZHO. दुसऱ्या अक्षरावरच निकाल लागतो. सोडवून दिलेल्या शब्दाने दोन नियमांमधला एक मारला पाहिजे, तेवढंच त्याचं काम. तुमच्यासमोर आलेला शब्द ते काम करतोय का, हे आकडे मांडण्याआधी पाहायची सवय लावा. व्यंजन-स्वर एकाआड एक असतील तर सावध व्हा.

सर्वात जास्त सांगून जातं ते दोनदा आलेलं अक्षर. APPLE चा कोड BOQKF दिला असेल तर दोन P कडे बघा. एकाचा O झाला, दुसऱ्याचा Q. एकाच अक्षराचे दोन कोड झाले म्हणजे स्वर-व्यंजनाचा नियम तिथेच मेला, कारण P दोन्ही वेळा व्यंजनच आहे. नियम जागेवर अवलंबून आहे हे एकही वजाबाकी पूर्ण न करता कळलं. उलट बाजूने UHHDS मधले दोन H पाहा. वेगवेगळ्या I आणि G चा कोड एकच आला, म्हणजे सगळ्या अक्षरांना एकच सरक लावलेली असूच शकत नाही. दुहेरी अक्षर शब्दात असो की कोडमध्ये, आधी तिथे बोट ठेवायचं.

तुम्ही लिहिलंय की पहिल्या दोन-तीन अक्षरांवरून नियम काढता. एका अक्षरावरून तर काहीच ठरत नाही. M चा N आला तर तो एक पुढे सरकलाय असं म्हणता येतं, आणि M चं विरुद्ध अक्षरही N च आहे (१३ आणि १४ मिळून २७). दोन्ही खरं. म्हणून सगळ्या अक्षरांचे फरक लिहा, शेवटच्यापर्यंत. एखादा फरक अचानक +२५ किंवा -२४ असा मोठा दिसला तर नियम मोडला असं समजून कागद खोडू नका, २६ वजा करा किंवा मिळवा. +२५ म्हणजे -१, -२४ म्हणजे +२. फरक तरीही विस्कळीत असतील तर शब्द उलटा लिहून पुन्हा मांडा, आणि तेही जमलं नाही तर जोड्यांची बेरीज २७ येते का पाहा. यापलीकडे मी वेगळे प्रकार पाठ करायला सांगत नाही. आमच्या क्लासच्या नोट्समध्ये नियमांचे ढीगभर प्रकार होते, त्यातले बहुतेक याच तीन गोष्टींची मिसळ होती.

क्रमांकांची बेरीज असते तिथे हा घोळ आणखी वाईट होतो, कारण तिथे अक्षरागणिक पुरावा मिळतच नाही, एकच आकडा मिळतो. आमच्या गल्लीतली मुलं माझ्याकडे रिझनिंगला येतात, त्यांना मी पहिल्या दिवशी हे देते: ORANGE चा कोड ६०, MANGO चा कोड ५०, तर LEMON चा किती? अर्धी मुलं बेरीज करतात. १५+१८+१+१४+७+५ म्हणजे ६०, १३+१+१४+७+१५ म्हणजे ५०, नियम पक्का, आणि LEMON म्हणजे १२+५+१३+१५+१४, उत्तर ५९. बाकीची अर्धी अक्षरं मोजतात. सहा अक्षरं ६०, पाच अक्षरं ५०, म्हणून LEMON ५०. दोन्ही गट बरोबर आहेत आणि इथे तर एक सोडून दोन उदाहरणं दिलेली होती. अशा वेळी ५९ आणि ५० पैकी पर्यायांत कोणता आहे ते पाहायचं. पर्याय म्हणजे पेपर काढणाऱ्याने नकळत दिलेलं आणखी एक उदाहरणच असतं. ते वापरण्यात लबाडी नाही. सरांना हे पटायचं नाही, ते पर्याय उडवायला वापरायचे, नियम तपासायला कधीच नाही.

आता हेही सांगायला हवं की परीक्षेत एवढं खोदत बसायला वेळ नसतो. एसएससी सीजीएलच्या टियर वनला ६० मिनिटांत १०० प्रश्न असतात. तुमच्या नियमाने काढलेलं उत्तर पर्यायांत एकदाच सापडलं तर खूण करा आणि पुढे जा, दुसरा नियम शोधत बसू नका. दुसरा नियम तेव्हाच शोधायचा, जेव्हा उत्तर पर्यायांत नाही किंवा जवळचे दोन पर्याय मधल्या अक्षरांतच वेगळे आहेत. त्या दोन पर्यायांचा जिथे फरक आहे तेवढीच अक्षरं काढा, बाकीची काढून वेळ घालवू नका.

आणि TIGER-PLANT सारखे दोन्ही पर्याय समोर आलेच तर? मी आज जागेच्या नियमाला खूण करेन, कारण पेपरांत तो जास्त दिसतो. ते तर्काने सिद्ध झालेलं उत्तर नव्हे, अंदाज आहे, आणि निगेटिव्ह मार्किंग असेल तर तो सोडूनही देता येतो. नंतर उत्तरतालिकेवर आक्षेप मागवतात तेव्हा गप्प बसू नका. दिलेला शब्द, त्याखाली दोन्ही नियम, प्रत्येक नियमाने विचारलेल्या शब्दाचा येणारा कोड आणि त्या कोडचे पर्याय क्रमांक, एवढं चार ओळींत लिहा. "माझं उत्तर बरोबर आहे" असं लिहू नका, "दोन पर्याय दिलेल्या माहितीत बसतात" असं लिहा. त्या सोमवारी मी फळ्यासमोर हेच म्हणत होते.