जॉइंट खात्यातून वारलेल्या वडिलांचं नाव कमी करून मुलाचं नाव घालायचं असेल तर काय कागदपत्रं लागतात?

प्रश्न: आई-वडिलांचं जॉइंट सेव्हिंग खातं आणि दोन एफडी आहेत. वडील दोन महिन्यांपूर्वी गेले. आता त्यांचं नाव काढून माझं नाव घालायचं आहे. बँकेत विचारलं तर म्हणतात वारस दाखला आणा, बहिणीची एनओसी आणा. हे सगळं खरंच लागतं का?

उत्तर:

बहुधा लागत नाही. पण ते ठरतं एका ओळीवरून. घरी गेल्यावर पासबुकाचं पहिलं पान उघडा आणि व्यवहाराची पद्धत कोणती छापली आहे ते बघा. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो, असं असेल (काही ठिकाणी नुसतं ई/एस छापतात) तर वारस दाखला, एनओसी, जामीनदार यांतलं काहीही मागायचा बँकेला अधिकार नाही. रक्कम कितीही असो. रिझर्व्ह बँकेचं हे म्हणणं 2005 पासूनचं आहे. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे पहिलं नाव असलेला आणि त्याच्यानंतर मागे राहील तो, असं असेल तरी हेच.

मी एका बँकेत बरीच वर्षं ठेव विभागात काम करून निवृत्त झाले, त्यामुळे काउंटरच्या आतली बाजूही सांगते. तुम्ही एका दमात दोन कामं सांगितलीत: नाव कमी करा आणि माझं घाला. समोरचा क्लार्क बहुतेक नवा असतो. त्याच्या कानावर 'वडील वारले' आणि 'मुलाचं नाव' एवढंच पडतं, आणि तो वारसा हक्काच्या दाव्याचा फॉर्म पुढे करतो. खरं तर तुम्ही दावेदार नाहीच. खातं आईचं आहेच, ती मागे राहिलेली खातेदार आहे. तेव्हा आधी आईच्या नावाने फक्त नाव कमी करण्याचा अर्ज द्या. तुमचं नाव पुढच्या फेरीत.

त्या पहिल्या अर्जाला लागतं ते एवढंच: बँकेचा छापील फॉर्म, मृत्यू दाखला, आईचं आधार किंवा दुसरं ओळखपत्र, पॅन आणि फोटो. सोबत पासबुक, उरलेले चेक आणि वडिलांचं एटीएम कार्ड. दाखला मूळ दाखवायचा आणि झेरॉक्स सही करून द्यायची, मूळ प्रत ठेवून येऊ नका. कुठल्या बँका तेच खातं पुढे चालू ठेवतात, तर कुठल्या ते बंद करून आईला नवीन नंबर देतात. नवीन नंबर देणार असतील तर आधी विम्याचा हप्ता, वीजबिल असं काय काय त्या खात्यातून आपोआप कापलं जातं त्याची यादी करा.

एफडीचं मात्र वेगळं बघा. सेव्हिंगला ई/एस आहे म्हणून एफडीलाही असेलच असं नाही. माझे मोठे दीर गेले तेव्हा जाऊबाईंबरोबर मीच बँकेत गेले होते (माझी बँक नव्हे, दुसरी). सेव्हिंगमध्ये 1,83,000 रुपये आणि 4 लाखांची एक पावती, दोन्ही ई/एस. ती कामं सरळ झाली. अडलं ते अडीच लाखांच्या जुन्या पावतीवर. पावतीच्या पाठी बारीक अक्षरात 'दोघांच्या सहीने' असं होतं. दिरांनी कधीतरी काळजी म्हणून तसं लिहून दिलं असणार. काळजी कसली, एक सही कायमची गेल्यावर ती पावती सुटायची कशी? अशा ठेवीत मागे राहिलेल्या माणसाला एकट्याला पैसे मिळत नाहीत. त्याच्याबरोबर गेलेल्याचे सगळे वारस लागतात. आणि नॉमिनी असूनही उपयोग नाही, कारण जॉइंट खात्यात नॉमिनीचा नंबर सगळे खातेदार गेल्यावरच लागतो.

मग जाऊबाईंची दोन्ही मुलं आणि मुलगी यांच्या सह्या, नुकसानभरपाईचा बाँड, मुलीचं 'माझी हरकत नाही' असं पत्र, शिवाय दोन जामीनदार असा सगळा संसार उभा करावा लागला. मुलगी परगावी असल्याने पावणेतीन महिने गेले. तेव्हा किती रकमेपर्यंत कोर्टाचा दाखला मागायचा नाही हे प्रत्येक बँक आपापलं ठरवत असे. सप्टेंबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने यावर नवे निर्देश काढले आणि ते लागू करायला बँकांना 31 मार्च 2026 पर्यंतची मुदत दिली. त्यानुसार नॉमिनी किंवा सर्व्हायव्हरची अट नसलेल्या खात्यात व्यापारी बँकेत 15 लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत सोपी पद्धत आहे. दाव्याचा फॉर्म, मृत्यू दाखला, ओळखपत्र, बाँड, बाकीच्या वारसांची ना-हरकत, आणि वारस दाखला किंवा त्याच्याऐवजी घरच्यांना चांगला ओळखणाऱ्या पण नात्यात नसलेल्या, बँकेला मान्य अशा माणसाचं वारसांबद्दलचं घोषणापत्र. जामीनदार नाही. तुमच्या एखाद्या पावतीवर 'दोघांच्या सहीने' निघालं तर बहिणीची एनओसी मागण्यात बँक चूक नाही, पण ती त्या पावतीपुरतीच.

एफडी मुदतीपूर्वी मोडायची गरज पडली तर, ठेवीदाराच्या मृत्यूनंतर सर्व्हायव्हरने मोडली म्हणून दंड लावायचा नाही असा नियम आहे. काउंटरवर सिस्टीम आपोआप दंड कापते, तेव्हा व्हाउचर बघूनच सही करायची. मोडायची नसेल तर पावती तशीच चालू ठेवून पहिलं नाव आईचं करून घ्या आणि तिचा पॅन जोडायला सांगा. नाहीतर व्याजाची नोंद वडिलांच्या पॅनवर जात राहते आणि वर्षाअखेर कर खात्याकडे एका मयत माणसाचं उत्पन्न दिसत राहतं.

आता सगळ्यात जास्त अडवणारी गोष्ट: दाखल्यावरचं नाव. आमच्या दिरांचं खात्यावर आणि आधारवर 'दत्तात्रय', आणि गावात सगळे 'दत्तोबा' म्हणत, म्हणून ग्रामपंचायतीच्या नोंदीत 'दत्तोबा'. बँकेने प्रतिज्ञापत्र मागितलं, की दोन्ही एकच इसम. ते देऊन एका बँकेचं काम भागतं. पण विमा, पेन्शन, घराची नोंद, प्रत्येकाला ते पुन्हा हवं असतं. मी जाऊबाईंना दाखलाच दुरुस्त करून घ्यायला लावला. जिथे नोंद झाली त्याच कार्यालयात आधार आणि पासबुकाची प्रत देऊन अर्ज केला. वेळ लागला, पण एकदाच. तुमच्या वडिलांच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग, मधलं नाव आणि तारीख खात्याशी जुळते का हे बँकेत जायच्या आधी बघा, आणि जुळत असेल तर मूळ प्रती सात-आठ काढून ठेवा.

वडिलांना पेन्शन येत असेल तर आणखी एक. गेल्यानंतर जमा झालेली पेन्शन आपली नसते, बँक ती परत घेते. म्हणून घरात कोणाला पिन माहीत आहे म्हणून एटीएममधून काढत बसू नका. लोक हे निरागसपणे करतात, 'क्रियाकर्माला लागले' म्हणतात, आणि मग वसुलीचं पत्र येतं. बाकी कुटुंब निवृत्तीवेतन त्याच जॉइंट खात्यात सुरू होऊ शकतं, पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, आईचं नाव असेल तर त्यासाठी नवं खातं उघडायची सक्ती नाही.

पहिलं काम झालं की मग तुमचं नाव. यात मृत्यू दाखल्याचा काही संबंध नाही. आई एकटी खातेदार, ती तुम्हाला सामील करून घेते. फॉर्मवर दोघांच्या सह्या, तुमचे फोटो, आधार, पॅन (नसेल तर फॉर्म 60), आणि तुमच्या सहीचा नमुना. दोघांनी एकत्र शाखेत जाणं बरं. आई सत्तरीच्या पुढची असेल आणि चालवत नसेल तर घरी येऊन सही घेण्याची सोय बँकेकडे मागा, ज्येष्ठांसाठी ती देण्याच्या सूचना आहेत. एफडीतही असं नाव घालता येतं, फक्त रक्कम आणि मुदत बदलायची नाही. एफडी मोडून नवीन करा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, जुना चांगला दर हातचा जाईल.

फॉर्मवर पहिलं नाव आईचंच राहू द्या. व्याज, कर आणि ज्येष्ठ नागरिकाचा जादा दर हे सगळं पहिल्या नावावर चालतं. व्यवहाराची पद्धत पुन्हा लिहून द्यावी लागते. आईच्या दवाखान्याला तुम्ही पैसे काढावेत असा हेतू असेल तर ई/एस. तिच्या हयातीत तिचाच हात राहावा असं वाटत असेल तर 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर', तिचं नाव आधी. ती रिकामी जागा क्लार्कला भरू देऊ नका, स्वतः वाचून भरा. नॉमिनेशनही नव्याने, दोघांच्या सह्यांनी. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवीला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात.

आणि बहिणीला आधी सांगा. कायद्याने तिची एनओसी लागत नाही हे खरं, पण सर्व्हायव्हर किंवा नॉमिनी म्हणून पैसे हातात आले म्हणजे ते एकट्याच्या मालकीचे झाले असं होत नाही. नॉमिनीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. बँक पैसे देऊन मोकळी होते, वारसांचा हिस्सा तसाच राहतो. उद्या आईनंतर खात्यात तुमचं एकट्याचं नाव बघून बहिणीला धक्का बसण्यापेक्षा आज चहा पिताना विषय निघालेला बरा.

शाखा ऐकतच नसेल तर वाद घालू नका. आईच्या सहीचा अर्ज, सोबत जोडलेल्या कागदांची यादी, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोचशिक्का घ्या. सगळे कागद मिळाल्यापासून 15 दिवसांत काम व्हायला हवं. बँकेच्या चुकीने ठेवीचा दावा त्यापुढे गेला तर नव्या निर्देशांप्रमाणे रिझर्व्ह बँकेचा 'बँक रेट' अधिक 4 टक्के व्याज भरपाई म्हणून द्यावं लागतं. बँकेकडे लेखी तक्रार करून 30 दिवस गेले तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं. माझ्या अनुभवात पोचशिक्का मागितला की निम्म्या वेळा आतून मॅनेजर स्वतः उठून येतात.

एक राहिलं. खात्याला मोबाइल नंबर वडिलांचा असेल. नाव कमी करण्याच्या अर्जातच आईचा नंबर नोंदवा, आणि तो नोंदला जाईपर्यंत वडिलांचं सिम बंद करू नका. जाऊबाईंच्या घरी दिरांचा फोन दोन महिने देवघराच्या फडताळात चार्जिंगला लावलेला होता, ओटीपी यायचा म्हणून.