स्टॅक लावताना आकडे मागे जातात, तेव्हा

"मॅडम, एकच जादा स्टॅक वापरून स्टॅक चढत्या क्रमाने लावायचा असतो ना, त्यात काढलेले आकडे मी पुन्हा मूळ स्टॅकमध्येच टाकते. मग हे संपणार कसं? लॅबच्या परीक्षेत इथेच घाबरून मी सगळं खोडते."

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या ज्या मुलीने मला हे विचारलं, तिने खोडलेला कोड मी वहीत पाहिला. तो बरोबर होता:

```python
while s:
    x = s.pop()
    while r and r[-1] > x:
        s.append(r.pop())
    r.append(x)
```

मी तिला कागदाच्या चिठ्ठ्यांवर आकडे लिहायला सांगितले. मूळ स्टॅक `s` मध्ये तळापासून वर 3, 1, 4, 2. जादा स्टॅक `r` रिकामा. आधी 2 निघाला, `r` वर गेला. मग 4 निघाला. तो 2 पेक्षा मोठा, म्हणून सरळ वर बसला. नंतर हातात आला 1, आणि तिची भीती इथेच होती. `r` वरचा 4 मोठा, तो `s` मध्ये परत गेला. मग 2 ही गेला. रिकाम्या `r` वर 1 बसला.

"आता `s` कडे बघ," मी म्हटलं. तिथे तळापासून 3, 4, 2. आधी 4 गेला आणि त्यावर 2, म्हणजे परत गेलेल्यांतला लहान वर आहे. पुढचे दोन पॉप केले, तर 2 आणि 4 एकही आकडा न हलवता `r` वर परतले. राहिला 3. त्याच्यासाठी फक्त 4 ला मागे जावं लागलं, आणि लगेच तो परतलाही. `r` मध्ये 1, 2, 3, 4.

मागे गेलेले आकडे न लावलेल्यांत मिसळत नाहीत, ते वरच्या वर राहतात आणि नवा आकडा यायच्या आधीच परततात. त्यामुळे प्रत्येक नव्या आकड्यासाठी `r` मधला प्रत्येक आकडा फार तर एकदा मागे जातो आणि एकदा परततो. मोठ्यापासून लहानाकडे निघत गेले, तर सगळ्यांनाच हलावं लागतं आणि काम आकड्यांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेळ लागतो, पण शेवट ठरलेला असतो.

"म्हणजे हे कधीच अडकत नाही?" तिने विचारलं. अडकतं, पण वेगळ्याच जागी. `>` ऐवजी `>=` लिहून 2, 2 असा स्टॅक दिला, की `r` वरचा 2 `s` मध्ये जातो आणि हातातला 2 त्याची जागा घेतो. `s` मध्ये पुन्हा एक 2 उरतोच. पुढच्या फेरीत तेच, त्यापुढेही तेच. मी तिला हे चिठ्ठ्यांवर करून बघायला लावलं, आणि परीक्षेत वेळ उरला तर दोन सारखे आकडे देऊन तपासायला सांगितलं.