महानगर गॅस सरकारी की खाजगी? बिलावरचे PLC बघा, पण तिथेच थांबू नका

प्रश्न: महानगर गॅस सरकारी आहे की खाजगी? घोडबंदरला आमच्या सोसायटीत सगळे ‘निमसरकारी’ म्हणतात. हे ओळखायचं कसं?

‘निमसरकारी’ हा शब्द आधी बाजूला ठेवा. कंपनी कायद्यात असा वर्गच नाही, आणि या एका शब्दाने सोसायट्यांच्या ग्रुपवर जितका घोळ घातलाय तितका दुसऱ्या कशानेही घातलेला नाही. कायद्याची कसोटी सरळ आहे. केंद्र आणि राज्य सरकारांकडे मिळून भरणा झालेल्या भागभांडवलाचा किमान ५१ टक्के वाटा असेल, किंवा कंपनी अशा सरकारी कंपनीची उपकंपनी असेल, तरच ती सरकारी.

आता बिल हातात घ्या. कंपनीला बिलावर आणि पत्रावर आपला २१ अक्षरी नोंदणी क्रमांक, म्हणजे सीआयएन, छापावाच लागतो. महानगर गॅसचा असा आहे:

```
L40200MH1995PLC088133
```

पहिलं L म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली. MH म्हणजे महाराष्ट्र, 1995 हे स्थापनेचं वर्ष. तुमच्या कामाची आहेत १३ ते १५ ही तीन अक्षरं. केंद्र सरकारची कंपनी असेल तर तिथे GOI येतं, राज्य सरकारची असेल तर SGC. महावितरणच्या वीजबिलावर SGC दिसेल, सिडकोच्या पत्रावरही SGC. इथे PLC आहे, म्हणजे नुसती पब्लिक लिमिटेड. यातलं ‘पब्लिक’ म्हणजे सरकार नव्हे. नावावर तर अजिबात जाऊ नका. महानगर टेलिफोन निगमच्या क्रमांकात GOI आहे, कारण तिथे ५६.२५ टक्के शेअर थेट केंद्राकडे आहेत. नावात ‘महानगर’ दोघींच्याही आहे.

पण PLC दिसलं म्हणून ‘मग सरकारचा काही संबंध नाही’ असं म्हणणारेही चुकतात. पुढची पायरी म्हणजे शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला येणारा भागधारणेचा तक्ता. त्यात प्रवर्तक म्हणून गेल ही केंद्र सरकारची वायू कंपनी दिसेल, ३२.५ टक्के. एवढंच बघून तक्ता मिटू नका. महाराष्ट्र सरकारचे १० टक्के प्रवर्तकांत नाहीत, खाली सार्वजनिक भागधारकांत, सरकारच्या ओळीत आहेत.

इथे बहुतेक जण ३२.५ आणि १० ची बेरीज करून ४२.५ म्हणतात. काही गुणाकार करतात: गेलमध्ये केंद्राचा वाटा निम्म्याहून थोडा जास्त, म्हणून गेलमार्फत सुमारे १७ टक्के. कायदा यातलं काहीच करत नाही. तो दोन वेगळे प्रश्न विचारतो. सरकारचा थेट वाटा ५१ टक्के आहे का? नाही, फक्त राज्याचे १० टक्के आहेत. कंपनी गेलची उपकंपनी आहे का? नाही, कारण त्यासाठी गेलकडे निम्म्याहून जास्त मतं किंवा संचालक मंडळाच्या रचनेवर ताबा लागेल. दोन्ही उत्तरं नकारार्थी, म्हणून सरकारी कंपनी नाही. पेट्रोनेट एलएनजीत चार सरकारी तेल-वायू कंपन्यांचे प्रत्येकी १२.५, मिळून ५० टक्के आहेत. तीही याच कारणाने सरकारी नाही. उलट हिंदुस्तान पेट्रोलियमचा निम्म्याहून जास्त हिस्सा ओएनजीसीने २०१८ मध्ये केंद्राकडून विकत घेतला. केंद्राचा थेट वाटा गेला, तरी ती सरकारीच राहिली, कारण ती ओएनजीसीची उपकंपनी झाली.

मग ३२.५ टक्क्यांना अर्थ काय? भरपूर. कंपनीची नियमावली बदलायची तर विशेष ठराव लागतो, आणि त्याला पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश मतं बाजूने हवीत. पाव हिश्शाहून जास्त मतं हाती असलेला एकटा भागधारक तो ठराव पाडू शकतो. म्हणजे गेलला नको असेल तर नियमावली हलत नाही. नवी मुंबई विमानतळाच्या कंपनीत सिडकोकडे २६ टक्के ठेवले आहेत, त्या आकड्याचं वजनही इथेच आहे: मालकी नाही, पण नकाराधिकार आहे. राज्याचे १० टक्के एवढे जड नाहीत, पण तेवढ्यावर भागधारकांची विशेष सभा बोलवायची मागणी करता येते.

कंपनी सरकारी असती तर तिचा लेखापरीक्षक कॅगने नेमला असता आणि हिशेबावर कॅगला पुरवणी तपासणी करता आली असती. तुमच्या बिलात मात्र यामुळे एका रुपयाचा फरक पडत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. महापालिका आणि एमआयडीसी या कंपन्याच नाहीत, त्या कायद्याने उभ्या आहेत. तिथे सीआयएन शोधत बसू नका. आणि माहिती अधिकाराची कसोटी ५१ टक्क्यांची नाही. तिथे मालकी, नियंत्रण किंवा भरीव अर्थसाहाय्य बघतात, त्यामुळे ‘सरकारी कंपनी नाही’ एवढ्यावरून अर्ज करायचा नाही असं ठरवू नका. भागधारक म्हणून गेलकडे किंवा राज्य सरकारकडे जे कागद आहेत, ते त्यांच्याच माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करून मागता येतात.