‘अंगावर पित्त उठतं’ हे इंग्रजीत कसं लिहायचं?

‘मुलगा सातवीत आहे, त्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. शाळेची सहल सिंगापूरला चालली आहे आणि शाळेने मेडिकल कार्ड इंग्रजीत मागितलंय. माझं इंग्रजी बेताचं. काही चुकीचं लिहिलं गेलं तर? आणि सगळं खरं लिहिलं तर शाळा त्याला नेणारच नाही, असं त्याचे बाबा म्हणतात.’

ही आई दोन कागद घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) एक होतं मुलगा पहिलीत असताना लिहिलेलं मराठी कार्ड, जे आजवर त्याच्या दप्तरात असायचं. दुसरं होतं शब्दकोश शेजारी ठेवून तिने रात्री जागून केलेलं इंग्रजी.

मराठी कार्डावर लिहिलं होतं: ‘शेंगदाणे चालत नाहीत. अंगावर पित्त उठतं, घसा बसतो, दम लागतो. पित्त उठल्यास गोळी द्यावी. दम लागल्यास पंप द्यावा. फरक न पडल्यास आईला फोन करावा.’ आपल्याकडच्या कुठल्याही बाईंना हे वाचून बरोबर कळतं. तिच्या इंग्रजीत मात्र ‘चालत नाहीत’चं ‘नॉट अलाउड’ झालं होतं. परक्या माणसाला ते उपासाचं पथ्य वाटेल. ‘पित्त’ची झाली होती ‘अ‍ॅसिडिटी’ आणि ‘घसा बसतो’चं ‘सोअर थ्रोट’. म्हणजे वाचणाऱ्याला दिसणार एक मुलगा, ज्याला शेंगदाणे वर्ज्य आहेत आणि ज्याला अ‍ॅसिडिटीचा अन् घशाचा थोडा त्रास आहे.

मी दोन्ही कागद बाजूला ठेवले आणि म्हटलं, ‘त्याला त्रास झाला त्या दिवशी काय झालं होतं, ते मला पहिल्यापासून सांगा.’

संक्रांतीचा दिवस होता. शेजारच्या काकूंनी दिलेला तिळाचा लाडू त्याने खाल्ला. लाडवात दाण्याचं कूट होतं. दहा मिनिटांच्या आत ओठ खाजायला लागले, मग पोटावर आणि मानेवर लाल गांधी उठल्या. दोनदा उलटी झाली. आवाज घोगरा झाला आणि श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजायला लागली. घरच्यांनी अ‍ॅलर्जीची गोळी दिली आणि थोडी वाट पाहिली. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांत श्वास मोकळा झाला.

‘त्या वेळचे डिस्चार्जचे कागद आहेत?’ फाइल होती. त्यावर निदान स्वच्छ लिहिलेलं होतं: अ‍ॅनाफिलॅक्सिस, पीनट. म्हणजे शेंगदाण्याने आलेली, जिवावर बेतू शकणारी तीव्र अ‍ॅलर्जी. इंजेक्शनचं नाव अ‍ॅड्रिनलिन. गांधींसाठी, आवाजासाठी, छातीतल्या शिट्टीसाठी डॉक्टरांनी वापरलेले शब्दही तिथेच होते. आपल्याकडे दवाखान्याचे कागद सहसा इंग्रजीतच असतात. तेव्हा आईला भाषांतर करायची गरजच नव्हती. फाइलमधले शब्द जसेच्या तसे उतरवायचे आणि मुलाच्या डॉक्टरांकडून तपासून सही-शिक्का घ्यायचा, एवढंच तिचं काम होतं. हे ऐकल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदा सैल झाला.

मग बाबांच्या मुद्द्यावर आलो. पुढच्या भेटीत ते स्वतः आले. ‘माइल्ड अ‍ॅलर्जी लिहू या ना, काळजी तर आम्ही सांगूच,’ असं त्यांचं म्हणणं. पोराचे सगळे मित्र चालले आहेत, हा एकटा मागे राहील, ही धास्ती त्यामागे होती आणि ती मला पूर्ण पटते. पण ‘माइल्ड’ वाचलेली शिक्षिका काय करेल, ते मी त्यांना विचारलं. गोळी देईल आणि वाट पाहील. गोळीने खाज कमी होते, गांधी उतरतात, पण आवळत चाललेला श्वासमार्ग तिने उघडत नाही. अ‍ॅड्रिनलिनला उशीर होणं हाच या आजारातला सगळ्यात मोठा धोका. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘लिहा जे आहे ते.’

यानंतर डॉक्टरांकडे बसून कार्ड नव्याने लिहिलं गेलं. जुन्या कार्डाचा क्रमच उलटा होता, तो सुलटा करायला मला सगळ्यात जास्त आग्रह धरावा लागला. शेंगदाणा खाल्ल्याची शंका असेल आणि श्वासाला त्रास, घोगरा आवाज, वारंवार उलट्या किंवा गळून जाणं यांतलं काहीही दिसलं, तर आधी मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रिनलिन. अंगावर गांधी नसल्या तरीही, कारण त्या प्रत्येक वेळी उठतातच असं नाही. लगेच ९९५ला फोन, सिंगापूरमध्ये अ‍ॅम्ब्युलन्ससाठी तोच नंबर आहे. मुलाला आडवं झोपवायचं, चालवायचं नाही. धाप लागली असेल तर पाय पसरून बसवायचं. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरं इंजेक्शन. पंप आणि गोळी त्यानंतर. आईला फोन सगळ्यात शेवटी. ही ओळ लिहिताना आईला जड गेलं, पण नाशिकहून ती फोनवर जे सांगणार, तेच कार्डावर आधी लिहिलेलं होतं.

जुन्या कार्डावर वजन होतं २२ किलो. आता भरलं ३४. अ‍ॅड्रिनलिनची मात्रा वजनावर ठरते, म्हणून डॉक्टरांनी ०.३ मिलिग्रॅमची दोन तयार पेनं, म्हणजे आधीच औषध भरलेली पेनासारखी इंजेक्शनं, लिहून दिली. ही पेनं आपल्याकडे प्रत्येक केमिस्टकडे मिळत नाहीत, मागवावी लागतात. म्हणून सहलीच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन उपयोग नाही, दोन महिने आधी जावं. पेन मिळालंच नाही तर काय न्यायचं आणि ते कोण देणार, हेही डॉक्टरच ठरवतील.

औषधांची नावं कार्डावर कंपनीची लिहिली नाहीत, आतल्या घटकाची लिहिली. आपण घरात ज्या नावाने पंप ओळखतो, ते तिथल्या डॉक्टरांना माहीत असेलच असं नाही. साल्ब्युटामॉल म्हटलं की कळतं. जन्मतारखेत महिना अक्षरात लिहिला. ‘नट्स’ हा शब्द मात्र मी खोडायला लावला. हा मुलगा काजू-बदाम खातो, आणि ‘नट्स’ वाचून कुणी फक्त काजू-बदामच टाळले तर साते नावाच्या कबाबाबरोबरचा शेंगदाण्याचा सॉस त्याच्या ताटात येईल. सिंगापूरमध्ये तो सॉस सर्रास असतो, रोजाक नावाच्या फळं-भाज्यांच्या पदार्थावर तर दाण्याचं कूटच भुरभुरतात. म्हणून स्वयंपाकघरात दाखवायला वेगळी छोटी चिठ्ठी केली: शेंगदाणा, त्याचं तेल, कूट, सॉस, काहीही नको. त्यावर आजाराचा इतिहास नाही.

शेवटची ओळ बाबांनी सुचवली: ‘पेनं मुलाच्या कमरेच्या पाऊचमध्ये आहेत.’ शाळेची पद्धत सगळी औषधं एका बाईंच्या बॅगेत ठेवायची होती, आणि बस दोन होत्या. कार्ड वाचून शाळेने नकार दिला नाही. विमानात पाऊच हातातल्या सामानात राहावं म्हणून डॉक्टरांचं पत्र मागितलं, आणि त्याच्याच बसमधल्या दोन शिक्षकांना दवाखान्यात पाठवलं. सरावाच्या पेनवर दोघांनीही ते टोचून पाहिलं. मुलानेच त्यांना दाखवलं, मांडीवर कुठे धरायचं ते.